दोन मिसऱ्यांमधलं अंतर

मासिकांची आणि दिवाळी अंकांची पानं लावण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. या काळात मी कवितांवर जेवढा अन्याय केला, तेवढा एखाद्या समीक्षकानंही केला नसेल. लेख संपला आणि पानाच्या तळाशी चार इंच उरले, की संपादक म्हणायचे, "तिथं एखादी गझल टाक." गझल टाकायला सोयीची असते. सात शेर बसत नसतील तर पाच घ्यायचे, पाचही बसत नसतील तर ओळींमधलं अंतर कमी करायचं. फारच अडलं तर दोन शेरांमधली मोकळी ओळ काढून टाकायची. दहा ओळींचा एक घट्ट ठोकळा तयार होतो आणि पान भरतं.

माझ्या शाळेतले एक सर गझल लिहितात. अकोल्याला राहतात, आता पंच्याहत्तरीला आलेत. त्यांची एक गझल मी अशीच एकदा पानाच्या तळाशी दाबून बसवली होती. अंक मिळाल्यावर त्यांचा फोन आला. रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, "अरे, तू माझे शेर लोकलच्या डब्यात बसवलेस. एकमेकांच्या मांडीवर."

ते वाक्य डोक्यात राहिलं होतं. म्हणून गेल्या वर्षी माझी भाची म्हणाली, "मामा, सरांची एखादी गझल दे ना, मी कॅरूसेल करते," तेव्हा मी लगेच हो म्हटलं. भाची पुण्यात उपयोजित कलेचं शिक्षण घेते. ज्यांच्या हातात अजून हा प्रकार आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. इन्स्टाग्रामवर एकाच पोस्टमध्ये अनेक चित्रं एकापुढे एक ठेवता येतात आणि वाचणारा अंगठ्यानं डावीकडे सरकवत एकेक पाहत जातो. त्याला कॅरूसेल म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक चित्राला स्लाइड. ही सोय २०१७च्या फेब्रुवारीत आली, तेव्हा दहा स्लाइडची मर्यादा होती. २०२४च्या ऑगस्टमध्ये ती वीस झाली. सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे जत्रेतला तो घोड्यांचा पाळणा?" मी म्हटलं, "तसंच. फक्त एका घोड्यावर एकच शेर बसेल."

"मग चालेल," सर म्हणाले.

शेर एकटा राहू शकतो

इथं गझल निवडण्यामागे एक रचनेचं कारण आहे. सुरेश भटांनी नव्या गझलकारांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली, तिच्यात त्यांनी गझलेची व्याख्याच अशी केली की तिच्यातला दोन ओळींचा प्रत्येक शेर ही एक पूर्ण कविता असते. अशा किमान पाच कविता एकाच वृत्तात, एकाच काफिया-रदीफाच्या दोऱ्यात ओवल्या की गझल होते. माधव जूलियनांची 'गज्जलांजली' १९३३ची. तेव्हापासून तरी मराठीत गझल लिहिली जातेय, पण शेराचं हे स्वतंत्र असणं मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलं ते भटांमुळे.

स्लाइडला नेमकं हेच लागतं. सलग भाव असलेली कविता तुकडे करून स्लाइडवर टाकली, तर प्रत्येक स्लाइड अर्धवट वाक्यासारखी लोंबकळते. शेर लोंबकळत नाही. त्यातून इन्स्टाग्रामची एक सवय आहे. पहिली स्लाइड पाहून कुणी पुढे निघून गेलं, तर तीच पोस्ट पुन्हा समोर येते तेव्हा अनेकदा थेट दुसऱ्या स्लाइडपासून उघडते. म्हणजे वाचणारा मधूनच आत शिरतो. मैफलीत उशिरा आलेल्या माणसासारखा. गझल अशा माणसाला सामावून घेते, कारण तिसऱ्या शेराला आलेल्यालाही तिसरा शेर पूर्ण मिळतो.

सरांनी दिलेली गझल पाच शेरांची होती, आनंदकंद वृत्तातली. गागालगा लगागा, गागालगा लगागा. बारा मात्रांवर यती आणि एकूण चोवीस मात्रा. मतला असा:

घर सोडले तरीही ते दूर सरत नाही
खोली नवी मिळाली, खोलीच भरत नाही

'नाही' हा रदीफ आणि 'सरत', 'भरत' हे काफिये. सगळी गंमत दुसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या 'खोली'त आहे. पहिली खोली राहायची, दुसरी आतली, न भरणारी. वाचताना त्या दोन शब्दांमध्ये क्षणभर थांबलात तरच ती उलगडते.

पहिला प्रयत्न

भाचीनं चार दिवसांत पहिला खर्डा पाठवला. दिसायला सुंदर होता. प्रत्येक शेरामागे छायाचित्र, अक्षरं मधोमध, प्रत्येक ओळ मोडून दोन-दोन तुकड्यांत. मी तो सरांकडे घेऊन गेलो. फोन हातात धरून त्यांनी सगळ्या स्लाइड पाहिल्या आणि शांतपणे म्हणाले, "आता यातली गझल दाखव."

मग आम्ही एकेक स्लाइड घेऊन बसलो. आधी अक्षरं पाहिली. भाचीनं 'हवेशीर' दिसावं म्हणून अक्षरांमधली जागा वाढवली होती. रोमन लिपीत हे खपतं, कारण तिथं प्रत्येक अक्षर वेगळं उभं असतं. देवनागरीत शब्द शिरोरेषेला टांगलेला असतो. जागा वाढवली की शिरोरेषा तुटते आणि 'खोली'चे 'खो' आणि 'ली' वेगवेगळे होतात. देवनागरीत मोकळीक हवी असेल तर ती शब्दांमध्ये आणि ओळींमध्ये द्यावी, अक्षरांमध्ये देता येत नाही. दुसरी चूक अशी की अक्षरांची चौकट घट्ट होती, त्यामुळे 'नाही'ची वेलांटी वरून कापली गेली होती. आपल्या लिपीत वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार. अक्षराच्या उंचीच्या सुमारे दीडपट जागा ओळीला दिली नाही, तर काहीतरी छाटलं जातंच.

मोडलेल्या ओळी तर सरांना सहनच होईनात. मिसरा ही एका श्वासाची गोष्ट आहे. तो चार शब्दांनंतर मोडला की वाचणाऱ्याला चार ओळींची कविता दिसते. त्याला उला आणि सानी कळत नाहीत. शेराची पहिली ओळ म्हणजे उला मिसरा. ती काहीतरी मांडते आणि हात राखून ठेवते. दुसरी ओळ, सानी मिसरा, तो हात उघडते. चार तुकडे केले की हात कुठे उघडला हेच कळत नाही.

आणि मग घड्याळाचा शेर आला:

रात्री जुन्या घड्याळा चावी अजून देते
काटे पळोत, आई घाईच करत नाही

पहिली ओळ ऐकताना चावी कोण देतंय ते माहीत नसतं. 'देते' म्हणजे कुणीतरी बाई, एवढंच. दुसऱ्या ओळीत यतीच्या अगदी तोंडाशी 'आई' येते. भाचीनं या शेरामागे सुरकुतलेल्या हातांचं छायाचित्र लावलं होतं. डोळा अक्षरांआधी चित्र वाचतो. आई दुसऱ्या ओळीत यायची होती, ती पहिल्या ओळीच्याही आधी येऊन बसली होती.

"पोरी," सर भाचीला फोनवर म्हणाले, "मी जे लपवलं ते तू भिंतीवर लावलंस."

किती मोकळं ठेवायचं

दुसऱ्या वेळी आम्ही सगळं काढून टाकलं. छायाचित्रं गेली. पार्श्वभूमीला सायीसारखा रंग घेतला, `#F6F1E4`. कोरा पांढरा रंग रात्री अंधारात फोन पाहणाऱ्याच्या डोळ्यांत टॉर्चसारखा घुसतो, म्हणून तो टाळला. अक्षर टिरो देवनागरी मराठी घेतलं. त्यात 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे आहेत आणि या गझलेत 'ल' जागोजागी आहे.

स्लाइडचा आकार १०८० बाय १३५० पिक्सेल, म्हणजे चारास पाच. पहिल्या स्लाइडचं प्रमाण पुढच्या सगळ्यांना लागू होतं, म्हणून ते आधी ठरवावं लागतं. फोनच्या पडद्यावर हे १०८० पिक्सेल जेमतेम साडेसहा सेंटिमीटर रुंदीत मावतात. पोस्टकार्डाच्या निम्म्याहून कमी रुंदी. कागदावर जे सहज वाचता येतं ते इथं मुंगीएवढं होतं.

अक्षराचा आकार काढायची रीत अशी. गझलेतली सगळ्यांत रुंद ओळ शोधायची. आमच्याकडे ती 'काटे पळोत, आई घाईच करत नाही' ही निघाली. दोन्ही बाजूंना १३० पिक्सेलचा समास सोडून ती ओळ न मोडता ज्या आकारात बसते, तो आकार. आमचा ७० पिक्सेलचा निघाला, पडद्यावर सुमारे चार मिलिमीटर. तोच आकार सगळ्या स्लाइडना. छोट्या ओळीला मोठं अक्षर द्यायचा मोह होतो, पण आकार बदलला की वाचणाऱ्याला वाटतं कवीनं आवाज चढवला. या हिशेबाला मर्यादाही आहे. तीस मात्रांच्या आसपासचं लांब वृत्त घेतलं, तर अक्षर इतकं बारीक होतं की ओळ यतीवर मोडण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. अशा गझलांना छापील पानच बरं.

खरा वेळ गेला तो उला आणि सानी यांच्यामधल्या अंतरावर. छापील पानावर दोन्ही ओळी लागून असतात आणि मोकळी जागा दोन शेरांच्या मध्ये असते. स्लाइडवर दुसरा शेर शेजारी नसतोच. मग ती जागा कुठे टाकायची?

आधी ४० पिक्सेल ठेवून पाहिलं. दोन्ही ओळी डोळ्यांत एकदम शिरल्या. उला वाचून होण्याआधीच नजरेनं सानीतला काफिया उचलला. मग उलट टोकाला जाऊन ५०० केलं. आता वर-खाली सव्वातीनशेच उरले आणि दोन्ही मिसरे आपापल्या कडांना चिकटून बसले. शेर राहिला नाही, दोन वेगळ्या पाट्या झाल्या. शेवटी २२० वर थांबलो. वर ४४०, मग पहिली ओळ, मग २२०, मग दुसरी ओळ आणि खाली ४९०. आतली मोकळीक बाहेरच्या निम्मी आहे, म्हणून दोन ओळी एकमेकींच्याच वाटतात. आणि तरी त्यांच्यात दोन ओळी मावतील एवढी जागा आहे, म्हणून नजरेला उतरायला वेळ लागतो. पडद्यावर हे अंतर भरतं १३ मिलिमीटर.

हे अंतर बरोबर आहे की नाही ते कळायची युक्ती सरांनी सांगितली, आणि ती कुठल्याही मोजपट्टीपेक्षा पक्की आहे. गझल माहीत नसलेल्या माणसाच्या हातात फोन द्यायचा आणि मोठ्यानं वाचायला सांगायचं. दोन ओळी तो एका दमात वाचत असेल तर अंतर कमी आहे. पहिल्या ओळीच्या शेवटी त्याचा आवाज पूर्णविराम असल्यासारखा खाली पडत असेल तर अंतर जास्त आहे. आवाज वर राहून थांबला, की जमलं. आम्ही इमारतीच्या वॉचमनपासून भाचीच्या मैत्रिणींपर्यंत सात-आठ जणांकडून वाचून घेतलं. २२० वर बहुतेकांचा आवाज टांगून राहिला.

'नाही'ची जागा

आता ओळी डावीकडून सुरू करायच्या, मधोमध ठेवायच्या की कसं? मधोमध ठेवल्या की प्रत्येक ओळीची सुरुवात आणि शेवट वेगळ्या ठिकाणी येतात. एरवी बिघडत नाही, पण गझलेत रदीफ आहे. उर्दू दिवानांमधल्या कातिबांना हे पक्कं ठाऊक होतं. ते अक्षरांना ताण देऊन दोन्ही मिसरे एकाच रुंदीचे करत, त्यामुळे रदीफ पानभर एकाखाली एक रांगेत उतरत जातो. देवनागरीत अक्षर ताणता येत नाही. ताणायचं म्हटलं तर शब्दांमधल्या फटीच रुंदावतात आणि ओळ दातपडकी दिसते.

मग भाचीनं एक गोष्ट केली. उला मिसरा तिनं डाव्या समासाला टेकवला आणि सानी उजव्या समासाला. आता प्रत्येक स्लाइडवर 'नाही' नेमक्या त्याच ठिकाणी येतो. अंगठ्यानं सरकवलं की सगळं बदलतं, 'नाही' मात्र तिथल्या तिथे परत येऊन उभा राहतो. तिसऱ्या-चौथ्या स्लाइडपर्यंत वाचणाऱ्याच्या नजरेला ती जागा पाठ होते. सानी वाचायला लागताच शेवटी काय येणार हे त्याला कळलेलं असतं. कळलेलं नसतं ते त्याआधीचं, काफियाचं. मैफलीत श्रोते कवीबरोबर रदीफ म्हणतात ते याच भरवशावर.

मतल्याच्या स्लाइडवर दोन्ही ओळींत रदीफ असतो, म्हणून तिथं दोन्ही ओळी उजव्या समासाला लावल्या. दोन 'नाही' एकाखाली एक. पुढच्या स्लाइडवर उला डावीकडे निघून जातो, सानी राहतो. गझलेचा नियम न सांगता दाखवला गेला.

कवीचं नाव कुठे टाकायचं यावरही वाद झाला. मला ते फक्त शेवटच्या स्लाइडवर हवं होतं. भाची म्हणाली, "मामा, लोक एका शेराचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. तिथं सर 'अज्ञात कवी' होतील." ते खरं होतं. शेर स्वतंत्र असतो याची ही दुसरी बाजू. म्हणून प्रत्येक स्लाइडच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात, 'नाही'च्या वाटेत न येता, फिकट करड्या रंगात २६ पिक्सेलमध्ये नाव टाकलं. वरचा उजवा कोपरा रिकामा ठेवला, कारण तिथं कितवी स्लाइड आहे तो आकडा उमटतो.

एक अक्षर

फोनचा शेर सरांच्या वहीत असा होता:

फोनातला तुझा मी तो अंक खोडला पण
हा हात पाठ म्हणतो, काही विसरत नाही

वहीत तो मला खटकला नव्हता. स्लाइडवर १३ मिलिमीटरच्या मोकळ्या जागेआधी तो 'पण' असा उभा राहिला, की जणू कुणी रस्त्यात 'पुढे वळण आहे' अशी पाटी लावली आहे. थांबायचं कशासाठी, जर वळण आधीच सांगितलंय? मी हे चाचरतच सरांना म्हटलं. शिकवलेल्या माणसाचा शेर दुरुस्त करायला जीभ वळत नाही. सर दोन मिनिटं ओळ गुणगुणत राहिले. मग म्हणाले, "'पण' काढ. 'ना' घाल."

फोनातला तुझा मी तो अंक खोडला ना
हा हात पाठ म्हणतो, काही विसरत नाही

'पण' म्हणजे दोन लघू, 'ना' म्हणजे एक गुरू. मात्रा तेवढ्याच. पण 'खोडला ना' म्हणताना माणूस स्वतःलाच समजावतोय, वाद मिटवतोय असं वाटतं. वाक्य संपल्यासारखं होतं आणि संपत नाही. मग हात पाठ म्हणायला लागतो. "तरन्नुममध्ये माझा 'पण' सुरात वाहून जायचा," सर म्हणाले, "म्हणून इतकी वर्षं मला दिसला नाही." मोकळी जागा ओळीचा शेवटचा शब्द असा उघडा पाडते. तिथं 'पण', 'आणि', 'म्हणून', 'कारण' असेल तर तो लपत नाही.

क्रमही बदलला. गझलेत मतला आधी येतो, बाकी शेर हलवता येतात. वहीत घड्याळाच्या शेरानंतर हा होता:

पाठीवरी न काही, आलो रित्याच हाती
गाडीतुनी उतरलो, ओझे उतरत नाही

आणि त्याच्यामागे फोनचा. 'उतरत' आणि 'विसरत' लागोपाठ आले की कानाला सारखेच लागत होते, दुसऱ्याचा धक्का पहिल्यानं खाल्लेला असायचा. म्हणून गाडी आधी घेतली, मग घड्याळ, मग फोन. मधल्या 'करत'नं दोन चार-अक्षरी काफियांमध्ये श्वास दिला.

कोरी स्लाइड

आता माझी चूक. शेवटच्या शेराआधी एक पूर्ण कोरी स्लाइड ठेवायची कल्पना माझी होती. नुसता सायीचा रंग, एकही अक्षर नाही. मैफलीत सर शेवटच्या शेराआधी थांबतात, पाणी पितात, मग म्हणतात. ते थांबणं मला स्लाइडवर आणायचं होतं. मी त्यावर फार खूश होतो.

घरातल्या आणि ओळखीच्या काहीजणांना दाखवलं. माझी बहीण म्हणाली, "नेट स्लो आहे वाटतं, चित्र येईना." शेजारच्या मुलानं कोरी स्लाइड आली तशी संपलं समजून फोन परत दिला. शेवटचा शेर त्यानं पाहिलाच नाही. भाचीची एक मैत्रीण ती इतक्या वेगानं सरकवून गेली की तिला मध्ये काही होतं हेच आठवेना. थांबवायला ठेवलेल्या जागेनं कुणाला अडवलं, कुणाला हुसकावलं. थांबलं कुणीच नाही.

सरांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. "अरे, मी मैफलीत गप्प बसतो तेव्हा माझं तोंड लोकांना दिसत असतं. पेला उचललेला दिसतो. आता हा बोलणार, हे त्यांना कळत असतं. तुझ्या कोऱ्या कागदाला तोंड कुठंय?"

तेव्हा मला कळलं की मी जागा चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. श्रोता थांबतो ते उला ऐकून, सानीची वाट पाहत. त्याच्या हातात अर्धा शेर असतो म्हणून तो थांबतो. शेर पूर्ण झाल्यावर त्याला कशाचीच वाट पाहायची नसते, दाद द्यायची असते आणि पुढे जायचं असतं. शांतता शेराच्या पोटात टिकते. दोन शेरांच्या मध्ये ती ठेवली तर तिथं कुणी थांबत नाही. कोरी स्लाइड काढून टाकली.

पण त्या बोलण्यातून दुसरी गोष्ट निघाली. पहिली स्लाइड कसली करायची हे ठरत नव्हतं. गझलेला शीर्षक नसतं. नुसतं 'गझल' आणि कवीचं नाव टाकलेली स्लाइड पाहून कुणी पुढे सरकवत नव्हतं. मी सरांना विचारलं, "तुम्ही मैफलीत सुरुवात कशी करता?" ते म्हणाले, "मतल्याचा उला म्हणतो. मग तोच पुन्हा म्हणतो. दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत लोक गोळा झालेले असतात. मग सानी."

तसंच केलं. पहिल्या स्लाइडवर मतल्याचा उला एकटाच ठेवला, वरून ४४० पिक्सेलवर, उजव्या समासाला. खाली सगळं मोकळं. दुसऱ्या स्लाइडवर पूर्ण मतला, आणि त्यातला उला पहिल्या स्लाइडवर होता त्याच जागी, एका पिक्सेलचाही फरक न करता. सरकवलं की तीच ओळ पुन्हा येते आणि तिच्याखाली सानी आलेला असतो. इथं अर्धा पडदा कोरा असूनही नेट स्लो आहे असं कुणाला वाटलं नाही, कारण वर अर्धा शेर होता. ज्याला पोस्ट दुसऱ्या स्लाइडपासून दिसते त्यालाही मतला पूर्ण मिळतो. पाच शेरांना सहा स्लाइड झाल्या. सातवी लागली नाही.

शेवटची स्लाइड अशी:

लिहिल्यात दोन ओळी, कागद उरून आहे
जे राहिले रिकामे, ते व्यर्थ ठरत नाही

हा शेर ऐकून भाची म्हणाली, सरांनी कॅरूसेलवरच लिहिलाय. तसं नाही. तो त्यांनी बायकोला पाठवायच्या एका आंतरदेशीय पत्रावरून केला होता, चाळीसेक वर्षांपूर्वी, बदलीच्या गावी असताना.

अंगठा

पोस्ट टाकायच्या आदल्या दिवशी मी फोन घेऊन अकोल्याला गेलो. सर चष्मा लावून खिडकीत बसले. स्लाइड सरकवायची कशी ते मी दाखवलं आणि कशामागे काय विचार आहे हे मुद्दाम सांगितलं नाही.

पहिली स्लाइड त्यांनी मोठ्यानं वाचली. "घर सोडले तरीही ते दूर सरत नाही." अंगठा फिरवला. दुसरी स्लाइड आली आणि त्यांनी पहिली ओळ पुन्हा वाचली, या वेळी अर्ध्या सुरात. मग थांबले. नजर खाली उतरलेली मला दिसली. मग खोलीची ओळ म्हटली.

गाडीच्या शेरावर मान हलवली. घड्याळाच्या शेराला पहिली ओळ म्हणून झाल्यावर 'काटे पळोत' म्हणाले आणि गप्प झाले. 'आई' उच्चारायला त्यांनी वेळ घेतला. तो थांबा आम्ही कुठेही ठेवला नव्हता, त्यांच्या स्वल्पविरामातच होता. फोनच्या शेरावर 'ना' जरा लांबवला. शेवटची स्लाइड वाचून झाली, तरी त्यांनी फोन माझ्याकडे दिला नाही. अंगठा उलट दिशेनं फिरवला, एकदा, दोनदा, आणि घड्याळावर येऊन थांबले.

"हे परत मागे जाता येतं होय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो सर."

"मग मुकर्रर म्हणायची गरज नाही," ते म्हणाले आणि शेर पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले.